संमतीपत्रात पर्याय कुठे असतात?

संपादक महोदय,

ऑपरेशनआधी घाईघाईने सह्या घेतल्या जातात, अशी तक्रार करणारी पत्रे आपल्याकडे येत असतात. मी रुग्णालयात संमतीपत्रांचे मसुदे करते, म्हणून त्या कागदाच्या आधीची गोष्ट सांगते.

सर्जन केसपेपरवर लिहितात: ‘लॅप कोली, एसओएस ओपन. ब्लीडिंग, इन्फेक्शन, बाइल लीक, सीबीडी इंजुरी. ऑल्ट: कॉन्झर्वेटिव्ह.’ म्हणजे पित्ताशय दुर्बिणीने काढायचे, गरज पडली तर पोट उघडायचे; धोके म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्त गळणे आणि मुख्य पित्तनलिकेला इजा; पर्याय म्हणजे ऑपरेशनशिवाय उपचार. त्यांना एवढे पुरते. हेच मराठीत टाईप केले की संमतीपत्र झाले, असे पुष्कळांना वाटते.

एका ओळीत लिहिलेले धोके सारखेच वाटतात, आणि घोळ तिथेच होतो. टाक्यांच्या जागी पू झाला तर तो बहुधा ड्रेसिंगने आणि औषधांनी बरा होतो. मुख्य पित्तनलिकेला इजा मात्र हजारात साधारण 3 ते 5 जणांनाच होते, पण झाली तर दुसरे मोठे ऑपरेशन करावे लागू शकते. म्हणून मी दोन वेगळे भाग करते: ‘अधूनमधून होणारे, बहुधा किरकोळ’ आणि ‘क्वचित, पण गंभीर’. प्रत्येकाखाली काय होते, मग आम्ही काय करू आणि घरी गेल्यावर कशावरून ओळखाल, हे येते. ताप, वाढती पोटदुखी, डोळे पिवळे होणे ही लक्षणे तिथेच लिहिते. आकडे सर्जनकडून तपासून घेतल्याशिवाय छापत नाही.

‘एसओएस ओपन’ला स्वतंत्र भाग हवा. रक्तस्राव थांबेना किंवा आतले अवयव चिकटलेले असले, तर उजव्या बरगडीखाली मोठा छेद घ्यावा लागेल आणि मुक्काम वाढेल. याला संमती आहे म्हणून आत दिसेल त्या कशालाही आहे, असे नव्हे. समीरा कोहली प्रकरणात (2008) संमती दुर्बिणीतून तपासणीची होती. रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती मानली नाही.

सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होतो तो ‘कॉन्झर्वेटिव्ह’ या एका शब्दात. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे योगायोगाने दिसले आणि त्रास काहीच नसेल, तर ऑपरेशन न करता थांबणे हा बहुतेकांसाठी खरा पर्याय आहे. एकदा कळा येऊन गेल्या असतील तर त्या पुन्हा येण्याची शक्यता बरीच. शिवाय खडा नळीत अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. खडे विरघळवणाऱ्या गोळ्या कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांनाच लागू पडतात, त्याही कित्येक महिने घ्याव्या लागतात, आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. त्यामुळे आजार एकच असला तरी दोन रुग्णांचा हा भाग वेगळा लिहावा लागतो. छापील गठ्ठ्यातला फॉर्म इथे चालत नाही.

वाचकांनी सही करण्याआधी पर्यायांचा रकाना पाहावा. तो रिकामा असेल किंवा ‘लागू नाही’ असे लिहिले असेल, तर सर्जनलाच विचारावे. आणि रुग्णालयांनी हा कागद आदल्या दिवशीच हातात द्यावा, थिएटरच्या दारात नव्हे.

— एक वाचक, सातारा