ताबा सुटल्याने?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'वेग आवरला तर खड्डा कुणाचा जीव घेत नाही' हे एका वाचकाचे पत्र आपण काल ठळकपणे छापले. ते वाचून रात्रभर झोप लागली नाही.

माझा भाचा दुसरी पाळी संपवून घरी येत होता. पाइपलाइनसाठी चर खणून तसाच ठेवला होता, त्यात पावसाचे पाणी साचून तो रस्त्यासारखाच दिसत होता. बॅरिकेड नाही, दिवा नाही. तो गेला.

सांत्वनाला आलेल्यांनी पहिल्यांदा विचारले, हेल्मेट होते का? होते, पट्टाही लावलेला होता. मग, वेगात असेल? मागून येणाऱ्या सहकाऱ्याने सांगितले, गाडी हळू होती. मग, इतक्या रात्री कशाला जायचे? पाळीच तेव्हा सुटते. शेवटी एक बाई माझ्या बहिणीला म्हणाल्या, "गेल्या जन्मीचं काहीतरी असणार हो." ज्याला खरेच कारण हवे असते तो उत्तर मिळाले की थांबतो. इथे प्रत्येक उत्तरानंतर नवा दोष शोधला जात होता. चराबद्दल मात्र कुणीच विचारले नाही.

ही माणसे दुष्ट नव्हती. १९६६ साली अमेरिकेत मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. उत्तर चुकले की एका तरुणीला विजेचा झटका बसतो, असे दृश्य विद्यार्थिनींना दाखवले. झटके खोटे होते, पण त्यांना ते ठाऊक नव्हते. तिचा छळ थांबवून तिला बक्षीस देण्याची सोय ज्यांना मिळाली, त्यांचे तिच्याबद्दलचे मत बरे राहिले. छळ चालूच राहणार आणि आपल्या हातात काही नाही, असे ज्यांना वाटले त्यांनी तिलाच कमी लेखले. सर्वांत वाईट मत कधी झाले? बघणाऱ्यांसाठी ती झटके सोसायला तयार झाली आहे, असे सांगितले होते तेव्हा! निष्पाप माणसाचे हाल उघड्या डोळ्यांनी बघवत नाहीत. मग 'त्याचेच काही चुकले असेल' असे म्हटले की आपले घर सुरक्षित वाटते. त्या बाईंचा मुलगाही त्याच रस्त्याने कामावर जातो.

हेल्मेट घाला, वेग आवरा, हे रोज सांगावे, मीही सांगते. पण गेलेल्या मुलाच्या आईसमोर तो सल्ला नसतो, निकाल असतो.

आणि संपादक महोदय, आपल्या बातमीचे शीर्षक होते 'ताबा सुटल्याने दुचाकीस्वाराचा मृत्यू'. चार ओळींच्या बातमीत माझ्या भाच्याचे वय आले, गाडीचा मेक आला. चर कुणी खणला, कुणाच्या परवानगीने आणि किती दिवस उघडा होता, हे आले नाही. चर अजून उघडाच आहे. वार्ताहर पाठवा, जागा मी दाखवते.

आपली,
एक वाचक, सांगली