शून्य बरोबर, तरी हार

महोदय,

रविवारच्या पुरवणीतलं कोडं वाचलं: प्रत्येकाने 0 ते 100 मधली एक संख्या लिहायची, सगळ्यांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाला जो सर्वांत जवळ, तो जिंकला. उत्तर छापलंय ‘शून्य’. ते अर्धंच आहे, म्हणून हे पत्र.

शून्यापर्यंतचा युक्तिवाद बिनचूक आहे. सगळ्यांनी 100 लिहिले तरी दोन-तृतीयांश 67 च्या वर जात नाही, म्हणून त्यापुढची संख्या लिहिण्यात अर्थ नाही. हे सगळ्यांनाच कळलं तर कमाल 45 च्या आत येते, मग 30 च्या, आणि असं करत शून्य. पण त्यासाठी प्रत्येकाने शेवटपर्यंत विचार केला पाहिजे, आणि बाकीचेही तसाच करतील अशी त्याची खात्री हवी. माणसं एक-दोन पायऱ्या उतरून थांबतात. इतर लोक वाटेल ते लिहितील, म्हणजे सरासरी 50 येईल असं धरणारा 33 लिहितो. आणि इतर 33 लिहितील असं धरणारा 22.

2005 मध्ये डेन्मार्कच्या ‘पोलिटिकेन’ या दैनिकाने हाच खेळ वाचकांसाठी ठेवला होता. 19,196 जण खेळले आणि जिंकणारी संख्या निघाली 21.6, म्हणजे जवळपास दुसरी पायरीच. त्याआधी 1997 मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’च्या वाचकांची सरासरी 18.91 आली आणि 13 लिहिणारे जिंकले. खेळ तोच, खेळणारे बदलले की उत्तर बदलतं.

मी अकरावीला गणित शिकवते. चाळीस मुलांकडून चिठ्ठ्या घेतल्या. पहिल्या फेरीत सरासरी 36, उत्तर 24. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने 0 लिहिला होता. ती रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, बरोबर तर शून्यच आहे ना? मग मी हरले कशी?” आकडे फळ्यावर तसेच ठेवून पुन्हा खेळलो. सरासरी 20 वर आली, तिसऱ्या फेरीत 11 वर. त्या मुलीने दुसऱ्या फेरीत 14 लिहिले आणि जिंकली. तिचं गणित पहिल्यांदाही चुकलं नव्हतं. शेजारच्या बाकांवरची मुलं किती खोल जातील, तेवढाच अंदाज चुकला होता.

तिसऱ्या फेरीत एकाने मुद्दाम 100 लिहिले. तो नसता तर उत्तर 5.8 आलं असतं. त्याच्या एका चिठ्ठीने ते 7.3 झालं. सगळं समजून 6 लिहिणारे तिघे तेवढ्याने हरले. चाळीसच्या जागी चार हजार असते तर त्या चिठ्ठीचा पत्ताही लागला नसता.

तेव्हा पुढच्या रविवारी उत्तराखाली एवढी एक ओळ अवश्य छापावी: सगळे शून्य लिहीत असतील, तरच शून्य लिहा.

आपली,
एक गणित शिक्षिका, सांगली