लाइपझिगहून पत्र : बिल एकत्र की वेगवेगळं?

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी सुरू झाली आहे, पण खोलीत हीटर आहे आणि आजीने विणलेला स्वेटर रोज अंगात असतो. जेवते वेळेवर. आई, कालच्या फोटोत मी बारीक दिसते असं तू म्हणालीस, तो नुसता कोटाचा काळा रंग आहे.

त्याच फोटोवरून बाबांनी विचारलं की एवढी मंडळी हॉटेलात जेवली तर पैसे कोणी दिले. फोनवर मी म्हटलं, ज्याचे त्याने. तर बाबा गप्प झाले. ते गप्प बसणं मला चांगलं कळतं, म्हणून हे नीट लिहिते. काकांचा धाकटा मार्चमध्ये शिकायला इकडे येतोय, त्यालाही हे वाचून दाखवा. विमानतळावरून घरी कसं यायचं ते मोबाईल सांगतो, पण हे कोणी सांगत नाही.

इथे जेवण झालं की वेटर बिल टेबलावर ठेवून निघून जात नाही. आपण हात वर करून ‘त्सालेन, बिटे’ म्हणायचं, म्हणजे पैसे द्यायचे आहेत. मग तो येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ म्हणजे एकत्र की वेगवेगळं. हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, आजी-आजोबांच्या जोडीलासुद्धा. वेगवेगळं म्हटलं की तो एकेकाकडे वळतो. आपण काय खाल्लं ते आपण सांगायचं, तो तिथल्या तिथे बेरीज करतो आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे घेतो. त्याच्या कमरेला चामड्याचं मोठं पाकीट असतं, त्यातूनच सुटे देतो. आपल्याकडे कॉन्ट्री काढताना एकजण मोबाईलवर भागाकार करतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात, ते इथे होत नाही, कारण भागाकारच नसतो.

फोटोतल्या दिवसाचंच सांगते. आम्ही चौघं एका व्हिएतनामी हॉटेलात गेलो होतो. लाइपझिगमध्ये अशी हॉटेलं पुष्कळ आहेत, कारण हा पूर्वीचा पूर्व जर्मनी आणि त्या सरकारने व्हिएतनाममधून कामगार आणले होते. त्यातली बरीच कुटुंबं इथेच राहिली. माझी टोफूची भाजी-भात १२.९० युरो आणि सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं शोर्ले ३.९०. आधी आम्ही चौघांत मिळून एक प्लेट समर रोल घेतले होते, ६.४०. असं मधे घेतलेलं खाणं हीच अडचणीची जागा. वेटर विचारतो, रोल कोणाचे? तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले की तो मागच्या टेबलाकडे पाहू लागतो. म्हणून तो यायच्या आधीच ठरवायचं. एकजण म्हणतो, रोल माझ्यावर घाला, आणि मग कॉफीच्या वेळी बाकीचे त्याची कॉफी देतात. नाहीतर ‘चौघांत वाटा’ म्हणून सांगायचं. आम्ही वाटले, म्हणजे माझ्या वाट्याला १.६० आले आणि एकूण झाले १८.४०.

आता टिप. टेबलावर पैसे ठेवून उठायचं नाही. टिपेसकट किती घ्यायचे तो आकडा आपण तोंडाने सांगायचा. मी पन्नासची नोट दिली आणि ‘त्स्वान्त्सिश’ म्हणजे वीस म्हटलं. त्याने तीस परत दिले, वरचे १.६० त्याला. पाच ते दहा टक्के साधारण देतात. नोट बरोब्बर तेवढ्याचीच असेल आणि सुटे नको असतील तर ‘श्टिम्ट झो’ म्हणायचं. धाकट्याला एक मुद्दाम बजावून सांगा : नोट पुढे करताना नुसतं ‘दांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणायचं नाही. त्याचा अर्थ उरलेले तुम्ही ठेवा असा घेतला जातो. वीसच्या बिलाला पन्नास देऊन दांके म्हटलं तर तीस युरोचा घोळ होतो आणि मग मागायला जीभ रेटत नाही. कार्डाने देतानाही आकडा मशीन पुढे यायच्या आधी सांगायचा. आणि खिशात थोडी रोकड असू दे, छोट्या हॉटेलांत अजून फक्त रोख घेतात.

कधी कधी मोठा गोतावळा असला की हॉटेलवाले आधीच सांगतात, वेगवेगळं होणार नाही. मग एकजण सगळं देतो आणि बाकीचे पेपालवर पाठवतात. आपल्या यूपीआयसारखंच. फक्त त्याच रात्री पाठवायचं. दुसऱ्या दिवशी आठवण करायची वेळ आली तर देणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

बाबा, तुम्हाला वाटतं ही माणसं कोरडी आहेत. तुम्ही आणि जोशीकाका काउंटरवर एकमेकांचे हात धरून ‘अहो राहू द्या हो’ करता, ते प्रेम मी बघितलंय. इथेही प्रेमाने पैसे देतात, पण ते आधी आणि स्पष्ट बोलतात. ‘येतेस का जेवायला?’ म्हणजे सोबत चल, तुझं तू माझं मी. ‘इश लाडे दिश आइन’ म्हटलं की मात्र तो पैसे देणार, मग पाकीट काढायचंही नाही. शब्दशः ते आमंत्रण आहे, पण व्यवहारात ‘आज माझ्याकडून’. दोस्तांत त्यालाच ‘दास गेट आउफ मिश’ म्हणतात, हे माझ्यावर. आणि असं कोणी म्हटलं की आपण तीनदा नको-नको करायचं नाही. एकदा नको म्हटलं की त्यांना ते खरंच वाटतं आणि ते वेगवेगळं सांगून मोकळे होतात. किंवा त्यांना वाटतं, हिला माझं देणं आवडलं नाही. हसून ‘दांके, दी नेख्स्टे रुंडे गेट आउफ मिश’ म्हणायचं. पुढची खेप माझ्याकडून.

आणि ती पुढची खेप द्यायचीच असते. आपल्याकडे ‘पुढच्या वेळी तू दे’ हे पुष्कळदा निरोप घेताना बोलायचं म्हणून बोलतात, इथे ते लक्षात राहतं. कोणी वहीत लिहीत नाही, पण महिन्याभराने भेटलं की स्वतःहून ‘आज माझी पाळी’ म्हणायला हवं. रक्कम तेवढीच असायला हवी असं नाही. तिने जेवण दिलं असेल आणि माझ्या खिशात महिनाअखेर असेल तर कॉफी आणि केकसुद्धा चालतो, फक्त आठवण राहिली हे दिसलं पाहिजे. संध्याकाळी बारमध्ये बसतात तेव्हा कधी कधी प्रत्येक जण सगळ्यांसाठी एकेक फेरी आणतो. स्वतःची पाळी यायच्या आत उठून गेलेला माणूस सगळ्यांच्या ध्यानात राहतो. ज्याला फेरीत पडायचं नसेल त्याने पहिल्या फेरीआधीच सांगायचं की मी माझं माझं घेईन. मी तेच सांगते, कारण मी शोर्लेच घेते. आई, काळजी करू नकोस, खरंच शोर्लेच.

ही पद्धत मला आवडायला लागली त्याचं कारण पैशाचंच आहे. शिकत होते तेव्हा मला ब्लॉक केलेल्या खात्यातून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आपल्याच पैशांतून, महिन्याला ठरलेली रक्कम मिळायची, त्यातच भाडं आणि विमा. चौघांत सारखं वाटायचं असतं तर मी जेवायला जायचंच टाळलं असतं. वेगवेगळं असल्यामुळे मी नुसतं सूप घेऊन त्याच टेबलावर त्याच गप्पांत बसू शकले. शेजारच्याने मोठी प्लेट मागवली म्हणून माझं काही बिघडलं नाही, आणि माझ्या सूपाकडे कोणी वळून बघितलं नाही. कोणाच्याही उपकाराखाली न राहता मला इथे माणसं मिळाली. बाबा, याला कंजूषपणा म्हणू नका ना.

वाढदिवसाला मात्र अगदी आपल्यासारखं. ज्याचा वाढदिवस तोच ऑफिसात केक आणतो. नवीन नोकरीला लागलेलाही पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांना काहीतरी खाऊ घालतो. मी तुझ्या पद्धतीने रव्याचे लाडू केले होते, आई. वेलदोडा जरा जास्त झाला, पण डबा रिकामा परत आला.

आता तू जे खरं विचारायचं म्हणून तीनदा फोन फिरवलास ते. फोटोत माझ्या शेजारी जो मुलगा आहे तो ऑफिसातला आहे. त्याने त्याचे दिले, मी माझे दिले. इथे एखाद्या मुलाने ‘मी देतो’ म्हटलं आणि आपल्याला नको असेल तर सरळ ‘गेट्रेन्ट, बिटे’ म्हणता येतं, कोणी रागावत नाही. पिंपरीच्या स्थळाबद्दल मी नाही म्हणत नाहीये. मावशीला सांग, फोनवर नको, मी आले की समोर बसून बोलू.

दादाच्या लग्नाला मी येतेय, तिकीट काढलं आहे. साखरपुड्याला आणि केळवणांना मात्र नाही जमणार. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण रजेचा हक्क मिळत नाही, महिन्यागणिक थोडी थोडी साठते, आणि जी साठली ती सगळी मी लग्नासाठी ठेवली आहे. आई, तू एकटीने सगळ्या साड्या, मानपान, याद्या करते आहेस हे मला माहीत आहे. याद्यांचं काही असेल तर मला व्हिडिओ कॉलवर बसवून घे, रविवारी मी दिवसभर मोकळी असते.

बाबा, शिक्षणकर्जाचा हप्ता या महिन्यापासून माझ्या खात्यातून जाईल. बँकेतल्या साहेबांना तेवढं सांगून ठेवा. तुम्ही नको म्हणाल म्हणून आधी बोलले नाही. लग्नासाठी म्हणून थोडे वेगळे पाठवतेय, ते हॉलवाल्यालाच द्या, मुदतठेव मोडू नका. आणि गुडघ्याचा एक्स-रे राहिलाय, तो लग्नाच्या गडबडीत पुढे ढकलू नका. दादा सुट्टीच्या दिवशी नेईल, मी त्याच्याशी बोलले आहे.

आजीला नमस्कार.

तुमची,
छोटी