विषय : ‘टूर्नामेंट’ बुद्धिबळ संचातील पट आणि राजा एकमेकांना न शोभण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. पत्र व्यवस्थापकांनाच लिहितोय, कारण निदान तुम्हाला तरी स्वतःचा माल माहीत असेल, असं गृहीत धरतो.

संच आमच्या बुद्धिबळ वर्गासाठी घेतला. राजाची उंची ९५ मिलीमीटर, पायाचा व्यास ४५. पटाच्या घराची बाजू ५० मिलीमीटर. खोक्यावर ‘फिडे मापानुसार’ असा सोनेरी शिक्का आहे, आणि गंमत म्हणजे तो अगदीच खोटा नाही. फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना. तिच्या निकषांत राजा साधारण ९५ मिलीमीटर उंच, पाया उंचीच्या ४० ते ५० टक्के आणि घर ५ ते ६ सेंटीमीटर. तुमचा राजा त्यात बसतो, तुमचा पटही बसतो. फक्त दोघे एकमेकांत बसत नाहीत. पाया घराच्या ७५ ते ८० टक्के असला की खेळायला सोयीचं पडतं. तुमच्याकडे तो ९० टक्के आहे. ५० मिलीमीटरचं घर ३८ मिलीमीटर पायाच्या राजाला छान शोभलं असतं, आणि ४५ वाल्याला ५७ चं घर लागतं. दोन बरोबर मापं एका खोक्यात कोंबली की संच होत नाही, हे तुमच्याकडे कुणीच तपासलं नाही का?

आता परिणाम ऐका. वजिराचा पाया ४२. राजा आणि वजीर शेजारी उभे केले की मध्ये जेमतेम साडेसहा मिलीमीटर उरतात. माझं बोटसुद्धा त्याहून जाड आहे. ५७ च्या घरात हीच फट साडेतेरा झाली असती. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, मुलं हत्ती ठेवताना शेजारचा उंट पाडतात, आणि पाडलेलं मोहरं स्वतःच्या वेळेत जागेवर ठेवावं लागतं, हा नियमच आहे. म्हणजे तुमच्या पटाची किंमत मुलं घड्याळातूनही भरतात. फिडेची दुसरी साधी खूणही करून पाहिली : घराची बाजू प्याद्याच्या पायाच्या निदान दुप्पट, म्हणजे एका घरात चार प्यादी. तुमच्या प्याद्याचा पाया २८. चार प्यादी ठेवली, तर ती शेजारच्या घरांत घुसली.

हे सगळं तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. त्यावर, “सर, राजा घरात मावतोय ना?” म्हटलं, मावतो. “मग तक्रार कशाची लिहू?” मी पुन्हा मापं सांगितली. पलीकडे शांतता, मग कीबोर्डची टकटक. “सर, माझ्याकडे तुटलेला, हरवलेला आणि रंग वेगळा, एवढेच पर्याय आहेत. ‘ग्राहकाचं मन बदललं’ असं टाकू का?” माझं मन बदललेलं नाही हो, तुमचा पट चुकलाय! “मग सर, लहान राजा वेगळा मिळतो, तो घ्या.” एकटा राजा लहान! शेजारी वजीर त्याच्याहून जाड आणि उंच! याला उपाय म्हणतात? शेवटी आवाज अगदी गोड करून, “आजच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?” किती दिले ते तुमच्या संगणकात दिसेलच.

तिसरी गोष्ट, ‘१८ इंची पट’. १८ इंच म्हणजे ४५७ मिलीमीटर. पण आठ घरं मोजली तर ४००. उरलेले ५७ दोन्ही बाजूंच्या काठात गेले, अक्षरं-आकडे छापायला. ते १८ इंच सगळे घरांना दिले असते, तर प्रत्येक घर बरोबर ५७ मिलीमीटरचं झालं असतं! पट निवडताना बाहेरचं माप बघायचंच नसतं. पट्टी पहिल्या घराच्या कडेपासून आठव्याच्या कडेपर्यंत लावायची, आठने भागायचं. राजाचा पाया मोजून त्याला १.२८ ने गुणायचं, आणि दोन आकडे जवळपास आले की पट घ्यायचा. ६५ चं घरही नको, त्यात हा राजा मैदानात हरवल्यासारखा दिसतो आणि पलीकडच्या रांगेपर्यंत मुलांचे हात पुरत नाहीत. पण गिऱ्हाइकाने हे मोजायचं कसं? तुमच्या जाहिरातीत ना घराचं माप, ना पायाचं. फक्त ‘१८ इंची’ आणि ‘प्रीमियम’.

मोहरी चांगली आहेत, वजनदार, खाली फेल्टही नीट चिकटवलेला. म्हणून राग जास्त येतो. ५७ मिलीमीटर घरांचा पट तुमच्या खर्चाने बदलून द्या, आणि पुढच्या खोक्यांवर घराची बाजू व राजाचा पाया शेजारी शेजारी छापा. पंधरा दिवसांत झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. पट आणि पट्टी दोन्ही सोबत नेईन. ‘मन बदललं’ या रकान्यात टाकलेलं मला चालणार नाही.

आपला,
एक ग्राहक

ता. क. ‘२० इंची पाठवतो’ असं उत्तर देऊ नका. काठ सोडून घर किती, तेवढं कळवा.