हीटमॅपमधील चुकीच्या नोंदी आणि ग्राहकांची चित्रे साठवून ठेवल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: आमच्या दुकानात बसवलेल्या वर्दळमापन प्रणालीतील दोष व करारभंग

महोदय,

आमच्या दुकानात ग्राहक कोणत्या रॅकपुढे किती वेळ रेंगाळतात हे कळावे, आणि ते कोणाचीही ओळख न पटवता कळावे, एवढ्याच हेतूने आम्ही आपली प्रणाली घेतली. गेल्या तीन महिन्यांत तिच्या हीटमॅपवर विसंबून आम्ही मालाची जागा दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा विक्री घटली. त्यामुळे दोष कुठे आहे हे मी स्वतः मोजून पाहिले. आपल्या तंत्रज्ञांनी दिलेले "कॅमेऱ्याची काच पुसा" हे उत्तर त्यानंतर मला मान्य करता येत नाही.

आपल्या नकाशात तिसऱ्या वाटेवर, दुसऱ्या रॅकच्या मागच्या बाजूला, रोज गडद लाल पट्टा दिसतो. तिथे हातअवजारे आहेत. दुसऱ्या वाटेत, पहिल्या रॅकवरच्या लेखनसाहित्यापुढे मात्र निळा थंड रंग आहे. मी घड्याळ घेऊन दोन तास उभा राहिलो आणि पाच सेकंदांहून अधिक थांबलेली माणसे मोजली. लेखनसाहित्यापुढे 41 माणसे थांबली, हातअवजारांपुढे 6. त्याच दोन तासांचा आपला नकाशा याच्या नेमका उलटा होता.

याचे कारण कॅमेऱ्याच्या जागेत आहे. कॅमेरा भिंतीवर 3.2 मीटर उंचीवर आहे. पहिला रॅक 1.2 मीटर उंच असून त्याची मागची कड कॅमेऱ्यापासून 5 मीटरवर आहे. आपली प्रणाली चित्रातल्या प्रत्येक माणसाभोवती चौकट आखते, चौकटीची खालची कड म्हणजे पाऊल असे धरते आणि तो बिंदू फरशीच्या नकाशावर टेकवते. पाऊल दिसत असेल तोवर ही रीत बिनचूक आहे. परंतु पहिल्या रॅकमागे, 6 मीटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाचे शरीर 0.8 मीटर उंचीच्या खाली रॅकआड जाते आणि चौकट त्याच्या कमरेजवळच संपते. कॅमेऱ्यापासून रॅकच्या कडेला घासून जाणारी दृष्टिरेषा पुढे वाढवली तर ती फरशीला 8 मीटरवर मिळते. प्रणाली त्या ग्राहकाला तिथे, म्हणजे दोन मीटर पलीकडच्या वाटेत, उभा करते.

कॅमेऱ्याच्या जागी दिवा ठेवला आहे असे समजा: रॅकची सावली जिथे संपेल त्या रेषेवर मागची सगळी माणसे जाऊन बसतात. ग्राहक 5 मीटरवर असो की 7 मीटरवर, नोंद 8 मीटरवरच पडते. म्हणूनच आपल्या नकाशात लाल रंगाचे डाग नाहीत, रॅकला समांतर अशी अरुंद, सरळ पट्टी आहे. खरी माणसे अशी दोरी लावल्यासारखी उभी राहत नाहीत, आणि ही खूण आपल्या तपासनीसांच्या नजरेला पहिल्याच आठवड्यात पडायला हवी होती. दुसरा रॅकही तेवढाच उंच आहे व त्याची मागची कड 7.5 मीटरवर आहे. त्यामुळे तिसऱ्या वाटेतली खरी माणसे 12 मीटरवर, मागच्या भिंतीलगत ढकलली जातात. ती भिंत "गर्दीची" का दिसत होती हे कोडेही त्यामुळे सुटले.

यावर उपाय आहे. पाऊल दिसत नसेल तेव्हा डोक्याचा बिंदू घ्यावा आणि सरासरी उंची धरून तो फरशीवर उतरवावा. 1.6 मीटर उंची धरली आणि ग्राहक प्रत्यक्षात 10 सेंटीमीटरने ठेंगणा निघाला, तर 6 मीटर अंतरावर सुमारे 35 सेंटीमीटरची चूक होईल. तो ग्राहक निदान आपल्याच वाटेत राहील. याहून निर्दोष मार्ग म्हणजे कॅमेरा छतावरून सरळ खाली रोखणे. त्यासाठी जास्त कॅमेरे लागतील हे मला ठाऊक आहे, परंतु बसवण्याआधी जागेची पाहणी आपल्याच माणसांनी केली होती.

दुसरी तक्रार "सरासरी थांबण्याच्या वेळे"बद्दल आहे. खांबाजवळच्या रॅकपुढे एक ग्राहक मिनिटभर थांबला आणि दोनदा खांबाआड गेला, तर प्रणाली त्याला दर वेळी नवा तात्पुरता क्रमांक देते. एका ग्राहकाचे 60 सेकंद मग तीन ग्राहकांचे वीस-वीस सेकंद होतात. त्या रॅकपुढच्या एकूण सेकंदांची बेरीज जवळपास तशीच राहते, म्हणून नकाशाचा रंग फारसा बिघडत नाही, पण भेटी तिप्पट आणि सरासरी एक तृतीयांश होते. (माल भरायला 40 मिनिटे उभा राहिलेला आमचा कर्मचारी अर्धा मिनिट थांबणाऱ्या 80 ग्राहकांएवढा मोजला जातो, ते वेगळेच. माल भरण्याच्या वेळा आम्ही कळवल्या होत्या, त्या वगळल्या गेल्या नाहीत.)

यावर आपल्या प्रतिनिधीने चेहरा ओळखण्याची जोड सुविधा घेण्याचे सुचवले, म्हणजे तुटलेले क्रमांक जुळवता येतील. हा सल्ला मला गंभीर वाटतो. रॅकपुढे एकूण किती सेकंद माणसे थांबली हे सांगायला कोण थांबले हे कळण्याची गरजच नाही. विश्वासार्ह नसलेला आकडा अहवालातून काढून टाकणे हा त्याचा प्रामाणिक उपाय होता.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की खांबाचा मुद्दा पटवून देण्यासाठी त्याच प्रतिनिधीने अकरा दिवसांपूर्वीचे चित्र मला ईमेलने पाठवले आणि त्यात दोन ग्राहकांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. करारानुसार चित्र दुकानातल्या यंत्रातच वाचून लगेच पुसले जायचे होते आणि बाहेर फक्त वेळ, जागा व मोजणी जायची होती. अकरा दिवसांनंतर ते चित्र आपल्या कार्यालयात कसे होते? ते ईमेल मी पुसलेले नाही. पुरावा म्हणून ते बंद करून ठेवले आहे, पण या पत्रासोबत जोडलेले नाही, कारण त्या दोघांचे चेहरे आणखी कोणी पाहावेत असे मला वाटत नाही.

आमच्या दाराशी "येथे कोणाचीही ओळख नोंदवली जात नाही" अशी पाटी आहे. ती आपल्या शब्दावर लावली होती. हे पत्र पाठवण्यापूर्वी मी ती उतरवली आहे आणि कॅमेऱ्यांची जोडणी तोडली आहे.

साठवलेली सर्व चित्रे पुसल्याचे लेखी प्रमाणपत्र, ती कोणी कोणी पाहिली याची नोंद, आणि पावलाऐवजी डोक्याचा बिंदू घेऊन किंवा कॅमेऱ्यांची जागा बदलून, आमच्या समोर घड्याळ लावून केलेली नवी चाचणी, एवढे पंधरा दिवसांत मिळावे. ज्या तासात एखाद्या चौकोनात पाचपेक्षा कमी माणसे आली, त्या तासाचा त्या चौकोनाचा आकडा यापुढे दाखवू नये, कारण रिकाम्या दुकानातला एकटा ग्राहक कोण होता हे आमच्या कर्मचाऱ्यांना नकाशावरूनही सांगता येते. हे झाले नाही तर करार संपवून उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे.

आपला,
दुकानाचा व्यवस्थापक