जुलैची वेतनवाढ

सातारा,
२२ जून २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पगार जास्त आला तर आला, गप बस." फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आई, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आठवतं ना? माझी नेमणुकीची ऑर्डर ३० डिसेंबर २०१९ ची होती. तुझ्यापाशी राहायचं म्हणून मी मुदत मागून घेतली आणि १२ फेब्रुवारी २०२० ला रुजू झाले. सेवापुस्तकात तीच तारीख आहे. पण पगाराच्या संगणकात कुणीतरी रुजू दिनांकाच्या जागी ऑर्डरची तारीख भरली. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

सातव्या वेतन आयोगात वर्षाची वाढ १ जानेवारीला किंवा १ जुलैला लागते. २ जुलै ते १ जानेवारी या काळात रुजू झालेल्यांना जुलै, बाकीच्यांना जानेवारी. म्हणजे माझी पहिली वाढ १ जानेवारी २०२१ ला हवी होती. संगणकाने मला डिसेंबरवाली समजून १ जुलै २०२० लाच दिली आणि पुढे दरवर्षी तसंच. जुलैत मी एक पायरी पुढे जायचे, जानेवारीत खरा आकडा मला गाठायचा. वर्षातले सहा महिने माझा पगार बरोबरच असायचा, म्हणून पाच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आमच्याकडे एक मुलगा मार्च २०२३ मध्ये लागला. गेल्या महिन्यात डबा खाताना तो म्हणाला, "मॅडम, मीही मार्चचा, तुम्हीही फेब्रुवारीच्या. मला जानेवारी आणि तुम्हाला जुलै, असं कसं?" मी हसून उडवून लावलं, पण संध्याकाळी जुन्या पगार स्लिपा काढून बसले. डिसेंबर २०२० च्या स्लिपवर मूळ पगार २०,५०० आणि तेव्हा तो १९,९०० च असायला हवा होता. दुसऱ्या दिवशी आस्थापनेत जाऊन सेवापुस्तक आणि संगणक शेजारी शेजारी ठेवले, तारखा जुळेनात.

फरक काढला तो असा. पहिली तीन वर्षं जुलै ते डिसेंबर महिना ६०० रुपये आणि पुढची दोन वर्षं ७०० रुपये. मूळ पगाराचे १९,२०० झाले. त्यावरचा महागाई भत्ता आणि थोडं घरभाडं धरून २७,९००. एवढे काही हातात आलेच नव्हते. त्यातले अडीच हजारांवर माझ्या निवृत्तीवेतनाच्या खात्यात कापून गेलेत. ते कुठे गेले नाहीत, पण वसुली पूर्ण रकमेची लागते.

बाबा, तुमच्या मित्रांनी सांगितलेला सुप्रीम कोर्टाचा निकाल खरा आहे. डिसेंबर २०१४ चा आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असं त्यात आहे. पण २०१६ मध्ये त्याच कोर्टाने म्हटलं, की जादा रक्कम परत करीन असं ज्याने लिहून दिलंय तो बांधला जातो. रुजू होताना मी तसं हमीपत्र दिलेलं आहे, सेवापुस्तकाला लावलेलं सापडलं. आणि खरं सांगू? हमीपत्र नसतं तरी मी भांडले नसते. निवृत्तीच्या वेळी कुणी पडताळणीत हे काढलं असतं, तर पंचवीस-तीस वर्षांची रक्कम ग्रॅच्युइटी अडवून मागितली असती. तेव्हा मी कुणाकुणाला स्लिपा दाखवत फिरले असते?

साहेबांनी तीन हप्ते सांगितले होते, महिना ९,३००. घराचा हप्ता जाऊन एवढं निघत नाही. मी अर्ज लिहिलाय, की चूक कार्यालयाची आहे, मी स्वतः निदर्शनास आणली आहे, तरी जुलैच्या पगारापासून १२ समान हप्त्यांत, महिना २,३२५ प्रमाणे वसुली करावी. सोबत असंही मागितलंय, की आधी संगणकातली तारीख दुरुस्त करावी, नाहीतर या १ जुलैला पुन्हा चुकीची वाढ लागेल. साहेब हो म्हणालेत, लेखी आदेश अजून निघायचा आहे.

आता जुलैत वाढ नाही, मूळ पगार २३,१०० वरच राहील आणि पुढची वाढ जानेवारीत. त्यात हा हप्ता. तुम्हाला पाठवते ते पैसे कमी करणार नाही. दिवाळीला फ्रीज घेऊ म्हटलं होतं, तेवढा पुढच्या वर्षीवर गेला. आई, चिडू नकोस. तुझ्या गुडघ्याचा यात काही दोष नाही, हे तुला मुद्दाम सांगते, कारण तू तेच धरून बसशील.

बाबा, एक काम करा. मुदत वाढवून मिळाल्याचं तेव्हाचं पत्र तासगावच्या घरी लोखंडी पेटीत, माझ्या मार्कशीटांच्या फाइलमध्ये असेल. त्याची झेरॉक्स काढून बुधवारच्या आत पाठवा. अर्जाला जोडायची आहे.

तुमची,
पल्लवी