एफडी मोडायची की कर्ज काढायचं?

ठाणे, नौपाडा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गाडीच्या शोरूममधल्या माणसाने लिहून दिलेल्या कागदाचा फोटो मिळाला. रात्री मागचं आवरून झाल्यावर मी सगळा हिशेब वहीत पुन्हा मांडला. पतपेढीत तेवीस वर्षं कर्जखाती सांभाळली, राहवलं नाही.

तो म्हणतो, सहा लाखांची एफडी मोडू नका. सात टक्क्यांनी पाच वर्षांत तिच्यावर सुमारे २,४९,००० रुपये व्याज मिळेल. तेवढ्याच रकमेच्या नऊ टक्क्यांच्या कर्जावर व्याज जाईल १,४७,०००. म्हणजे कर्ज काढूनही लाखाचा फायदा. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मी ताळा करून पाहिला. तुलनाच चुकीची आहे.

एफडीत सहा लाख पाच वर्षं पूर्ण राहतात. कर्जाची मुद्दल दर महिन्याला उतरत जाते, म्हणून व्याज कमी दिसतं. आणि ती उतरते तुझ्या पगारातून जाणाऱ्या १२,४५५ रुपयांच्या हप्त्याने. तो हप्ता त्या कागदावर कुठेच धरलेला नाही. गाडी रोखीने घेतलीस तर हेच पैसे दरमहा तुझ्याकडे राहतात. ते सात टक्क्यांनीच आरडीत टाकलेस तर पाच वर्षांनी साधारण ८,९१,००० होतात. एफडीचे होतात ८,४९,०००. म्हणजे रोखीत बेचाळीस हजार जास्त, आणि कर्जाची प्रोसेसिंग फी वाचते ती वेगळी. करही बघ. एफडीचं व्याज तुझ्या उत्पन्नात धरलं जातं, पण नोकरदाराला स्वतःच्या गाडीच्या कर्जावरचं व्याज त्यातून वजा करता येत नाही.

मात्र आरडी पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून आपोआप कापली गेली पाहिजे. पैसे खर्चात विरघळले तर माझा सगळा हिशेब कोसळतो.

तरीही सहाचे सहा लाख देऊ नकोस, कारण तुझी शिल्लक तेवढीच आहे. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या रात्री काउंटरवर ऐंशी हजार भरायला सांगितले होते. तेव्हा बचत खात्यात पैसे होते म्हणून मी जागच्या जागी भरू शकले. तू साडेचार लाख भर आणि दीड लाखाचं कर्ज घे. हाताशी दीड लाख राहावेत म्हणून थोडं व्याज गेलं तरी मला चालेल.

कर्जाचा दर विचारताना ‘फ्लॅट की रिड्युसिंग?’ हे आधी विचार. पाच वर्षांसाठी फ्लॅट पाच टक्के ऐकायला स्वस्त वाटतो, पण त्यात उतरलेल्या मुद्दलावरही व्याज लागत राहतं. तोच दर रिड्युसिंगने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर मोजला, तर नऊच्या वर जातो.

रविवारी खारघरहून येशील तेव्हा कोटेशन घेऊन ये. तोवर बुकिंगचे पैसे भरू नकोस.

तुझी,
आई